शेडवरची क्रियापदं

अर्जातल्या एका रकान्यात लिहिलं होतं : स्वतःचा परिचय, तृतीयपुरुषी, शंभर शब्दांच्या आत, समूहात केलेल्या कामातला आपला नेमका वाटा स्पष्ट करावा. शेतमाल प्रक्रियेचं प्रशिक्षण होतं. निवड झालेल्यांचे परिचय पुस्तिकेत छापणार होते. नमुना म्हणून आधीच्या तुकडीतले काही परिचय सोबत जोडले होते. ते वाचले आणि माझं होतं नव्हतं तेवढं अवसान गळालं. कुणी बावीस गावांत मोहिमेचं नेतृत्व केलं होतं, कुणी महिलांच्या चळवळीचं नेतृत्व केलं होतं, एकाने तर गांडूळखताचं नेतृत्व केलं होतं. त्या पानांवर नेत्यांची दाटी होती आणि कामाला माणूस दिसत नव्हता.

मी दोन हंगाम बेदाण्याच्या शेडवर काम केलं होतं. पण 'काय केलं?' या प्रश्नाला मला एक सरळ क्रियापद सापडेना. शेडवर असा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, 'झालं का?' आणि उत्तर येतं, 'झालं.' कोणी केलं ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ते बोलायची गरज पडत नाही. परिचय वाचणाऱ्याला मात्र त्यातलं काहीच माहीत नसतं.

आमचं शेड कवठे महांकाळ तालुक्यात, नागजच्या अंगाला, महामार्गापासून थोडं आत आहे. या भागात पाऊस कमी आणि हवा कोरडी. तासगाव-मिरजेकडच्या बागांचा मालही वाळवायला इकडे येतो तो त्यासाठीच. फेब्रुवारी ते एप्रिल ही धांदलीची वेळ. द्राक्षांची गोडी बावीस ब्रिक्सच्या आसपास आली की घड तोडून क्रेटमधून शेडवर येतात. ते धुऊन पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचे, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि मण्यातलं पाणी लवकर निघतं. मग जाळीच्या रॅकवर पातळ पसरायचे. पंधरा दिवसांच्या आसपास माल वाळतो. रॅक झाडून तो खाली पाडायचा, काड्या काढायच्या, रंगाने आणि आकाराने निवडायचा, पेट्या भरून शीतगृहात पाठवायचा. पुढे सांगलीला किंवा तासगावला सौदा. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो.

या सगळ्यात माणसं अशी : आप्पा, म्हणजे शेडचे मालक, माल टाकणारी आणि झाडणारी टोळी, निवडणीच्या खोलीतल्या बायका आणि त्यांच्या मुकादम मावशी, हिशेबाला एक मुलगा, आणि मी. माझं पद काय हे कधी कुणी ठरवलं नव्हतं. आप्पा पाहुण्यांना सांगायचे, "ही आमच्याकडं असती." एवढ्यावर शंभर शब्द कसे काढायचे?

पहिला मसुदा मी लिहिलाच नाही, तो माझ्या आत्तेभावाने लिहिला. तो पुण्याला एमबीए करतो. फोनवर मी त्याला कामं सांगत गेले आणि अर्ध्या तासात त्याने मजकूर धाडला : 'बेदाणा उत्पादन प्रकल्पाचे यशस्वी नेतृत्व, अठरा महिलांच्या गटाचे व्यवस्थापन, गुणवत्ता नियंत्रण व विक्री व्यवस्थापनाचा अनुभव.' मी म्हटलं, "दादा, विक्री आप्पा करतात." तो म्हणाला, "तू सौद्याला गेली होतीस ना? मग झालं." मी गेले होते हे खरं. सांगलीला नमुन्याच्या पिशव्या घेऊन मी आप्पांच्या मागे उभी होते. बोली लागली, आप्पांनी अडत्याकडे बघून मान हलवली आणि माल गेला. त्या मानेच्या हलण्यात माझा काही वाटा नव्हता.

तोच मजकूर मी मावशींना वाचून दाखवला. त्या बेदाणा निवडत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, "येवढं कशाला लिवतीस? सगळ्यांच्या हाताखाली पडंल ते काम केलं, असं लिव. बास." हा दुसरा मसुदा. तो ऐकून मला बरं वाटलं, कारण तो नम्र होता. पण रात्री परत वाचला तेव्हा तोही खरा वाटेना. रॅकची वही मी कुणाच्या हाताखाली सुरू केली होती? कुणाच्याच नाही.

म्हणजे एकीकडे नेतृत्व आणि दुसरीकडे हाताखाली. आणि माझं काम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी सांडलेलं.

मिरजेला आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे एक सर होते, त्यांच्याकडे गेले. सरांनी परिचय वाचलाच नाही. कपाटातून एका शोधनिबंधाची प्रत काढली आणि शेवटचं पान उघडून दिलं. निबंधाला सहा लेखक होते. शेवटी एका परिच्छेदात प्रत्येकाच्या नावापुढे त्याने काय केलं ते मांडलं होतं : कल्पना कुणाची, प्रयोग कुणी केले, आकडेमोड कुणाची, पहिला खर्डा कुणाचा, पैसा कुणी उभा केला. सरांनी सांगितलं की या पद्धतीला क्रेडिट म्हणतात. 2014 च्या सुमाराला ती पुढे आली आणि 2022 मध्ये अमेरिकेत तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात कामाचे चौदा प्रकार आहेत, आणि प्रत्येक प्रकारात माणसाचा वाटा प्रमुख, बरोबरीचा की पूरक हे सांगायची सोय आहे.

"यात 'या संशोधनाचं नेतृत्व केलं' असं कुठं दिसतं का बघ," सर म्हणाले. मी बघितलं. तसं संपूर्ण संशोधनाबद्दल काहीच नव्हतं. एकच बाई प्रयोगात प्रमुख होती आणि लिखाणात पूरक. माझ्या डोक्यातला गोंधळ निम्मा तिथेच सुटला. मी अख्ख्या शेडसाठी एक क्रियापद शोधत होते. शेड एक असलं तरी कामं वेगळी होती, आणि प्रत्येक कामात माझी जागा वेगळी होती.

सरांना जुन्या पुस्तकांचा नाद आहे. उठता उठता त्यांनी मोल्सवर्थच्या कोशाची गोष्ट काढली, आणि मग मी परत बसले. 1831 साली छापलेल्या त्या मराठी-इंग्रजी कोशाच्या मुखपृष्ठावर लिहिलंय की कोश मोल्सवर्थने रचला आणि जॉर्ज व थॉमस कँडी यांनी त्याला साहाय्य केलं. पुढे मोल्सवर्थ प्रकृतीमुळे मायदेशी परतला. इंग्रजी-मराठी कोशाचं काम अर्धं राहिलं होतं. तो कोश 1847 मध्ये निघाला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर वेगळीच क्रियापदं आली : आखणी आणि आरंभ मोल्सवर्थचा, पुढे चालवला आणि पुरा केला थॉमस कँडीने. तीच दोन माणसं, पण आधीच्या कामात एक साहाय्यक होता आणि नंतरच्या कामात तोच ते पूर्ण करणारा. सरकारी खर्चाने निघालेल्या पुस्तकावर हे इतकं नीट तोलून छापलं होतं.

"आणि शास्त्री?" मी विचारलं. शाळेत कुठेतरी वाचलं होतं की शब्द गोळा करायला पंडित होते. सर हसले. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले आणि त्यांच्या बरोबरीच्या पंडितांनी 1829 मध्ये मराठीचा मराठीतला कोश केला होता, तो त्यांच्या नावावर आहे. मोल्सवर्थच्या कोशासाठीही शास्त्रीमंडळी राबली. पण मुखपृष्ठावर त्यांना क्रियापद मिळालं नाही. मला लगेच निवडणीच्या खोलीतल्या बायका आठवल्या, आणि आत्तेभावाचं ते 'अठरा महिलांच्या गटाचे व्यवस्थापन'. त्या वाक्यात बायका होत्या, पण व्यवस्थापन करून घेण्यापुरत्या. मावशी तर कुठेच नव्हत्या.

घरी आल्यावर मी एक कागद घेऊन कामं सुटी सुटी लिहिली. प्रत्येकापुढे तीन प्रश्न : ठरवलं कुणी? बिघडलं असतं तर जाब कुणाला विचारला असता? आणि मी त्या दिवशी नसते तर काय अडलं असतं? हे प्रश्न सरांनी दिले नव्हते. शेडवर रोज जी भांडणं होतात ती याच तीन गोष्टींवरून होतात, म्हणून सुचले.

पहिलं काम डिपिंगचं. शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल हे आमच्याकडचं प्रमाण. वजन मी करायची, ढवळायची मी, सामूची पट्टी बुडवून अकराच्या आसपास आहे का ते बघायची मी, आणि किती क्रेट बुडवल्यावर द्रावण बदललं त्याची नोंदही माझी. मग 'द्रावण तयार केले' लिहायला काय हरकत? आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "तयार तू करत हुतीस. ठरवत मी हुतो. साल जाड असली तर बुडवायचा वेळ कुणी वाढवला?" त्यांनीच. एकदा माल काळपट पडला तेव्हा बागवाल्याने फोन केला तोही त्यांनाच. मला कुणी काही विचारलं नाही. मी नसते तर? टोळीतल्या कुणीतरी मापलं असतं, नोंद राहून गेली असती एवढंच. म्हणून वाक्य असं झालं : 'ठरवून दिलेल्या प्रमाणात डिपिंगचे द्रावण बनवले व त्याच्या नोंदी ठेवल्या.' 'ठरवून दिलेल्या' हे दोन शब्द आत्तेभावाला खुपले. म्हणाला, "कशाला स्वतःला कमी करतेस?" मला ते कमी करणं वाटत नाही. त्या दोन शब्दांमुळे वाचणाऱ्याला कळतं की हिला मापाची शिस्त आहे, पण प्रमाण का बदलायचं हे हिला अजून शिकायचंय. प्रशिक्षणाला मी जात होते ती तेवढ्यासाठीच.

दुसरं काम रॅकच्या वहीचं. पहिल्या हंगामात कुठल्या रॅकवर कुणाच्या बागेचा माल आहे हे टोळीच्या डोक्यात असायचं. दोन बागांचा माल एकाच दिवशी आला आणि झाडताना मिसळला की वजनावरून वाद व्हायचा. दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला मी रॅकना आकडे घातले आणि एक वही आखली : रॅकचा आकडा, मजला, बाग, माल टाकल्याची तारीख, आल्यावेळची गोडी, दुसऱ्या फवारणीची तारीख, झाडल्याची तारीख, वजन. मला कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला टोळीवाले हसायचे. मग मार्चमध्ये माल वाढला तेव्हा हिशेबाच्या मुलाने ती वही हातात घेतली. त्याने त्यात ओलाव्याचा रकाना वाढवला आणि हंगाम संपेपर्यंत तोच ती भरत होता.

इथे तिन्ही उत्तरं माझ्याकडे येतात, पण पहिल्या महिन्यापुरती. नंतरचं काम त्या मुलाचं. 'वही सांभाळली' लिहिलं तर त्याचं काम माझ्या नावावर जातं, आणि 'वहीसाठी मदत केली' लिहिलं तर माझं काम नाहीसं होतं. मोल्सवर्थ आणि कँडीचं मुखपृष्ठ इथे मला जसंच्या तसं उपयोगी पडलं : 'रॅकनिहाय नोंदवही आखली व सुरू केली, पुढे ती हिशेबनिसाने चालवली.' शंभर शब्दांतले चार शब्द दुसऱ्या माणसावर गेले. जाऊ देत.

तिसऱ्या कामाने मला सर्वांत जास्त छळलं. निवडणीची खोली मावशींची. कोण चाळणीवर बसेल, कोण हिरवा-पिवळा वेगळा करेल, कुणाला काळ्या मालावर बसवायचं, नवी बाई आली तर तिला कुणाशेजारी ठेवायचं, हे सगळं त्या ठरवतात. मी हजेरी मांडायची आणि शनिवारी पगाराचा हिशेब करायची. मार्चमध्ये मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, तेव्हा पंधरवडाभर खोली माझ्याकडे होती. आत्तेभावाच्या व्यवस्थापनाचा उगम हा.

मग व्यवस्थापन खरं का खोटं? मी एक दिवस आठवला. एका बागेचा माल फार खराब आला, काळा दाणा जास्त. बायका म्हणाल्या, किलोच्या दराने हा निवडायला परवडत नाही, दिवसाचा रोज द्या. त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी काय केलं? मावशींना फोन लावला. मावशींनी तिकडून आप्पांशी बोलून रोज ठरवला आणि मला सांगितला. मी तो खोलीत जाऊन सांगितला. म्हणजे खोली चालू ठेवली मी, पण खोलीतला कठीण निर्णय माझा नव्हता. उलट बाजूही आहे : त्या पंधरवड्यात निवडणी एक दिवसही बंद पडली नाही, पेट्या वेळेवर गेल्या, आणि कमी पडलं असतं तर आप्पांनी मलाच विचारलं असतं. तीनपैकी एका प्रश्नाला मावशी, दोन प्रश्नांना मी.

यासाठी मराठीत 'सांभाळणे' हे क्रियापद चांगलं आहे. घर कुणाचं हे न सांगता ते सांभाळलं असं म्हणता येतं. पण नुसतं 'निवडणी विभाग सांभाळला' असं छापलं की तो दोन हंगाम सांभाळल्यासारखा वाचला जातो. क्रियापद बरोबर असूनही वाक्य फुगतं, कारण काळाची मर्यादा गळलेली असते. म्हणून : 'मुकादमांच्या अनुपस्थितीत पंधरवडाभर निवडणी विभागाचे दैनंदिन काम सांभाळले.' 'दैनंदिन' या शब्दाने दर ठरवण्याचं काम बाहेर राहिलं.

एप्रिलमध्ये एका रात्री अवकाळी पाऊस आला. सगळे धावले, पडदे सोडले, ताडपत्र्या बांधल्या, रॅकच्या वाऱ्याकडच्या बाजूला क्रेट रचले. मीही धावले. ती रात्र मला जन्मभर आठवेल, आणि म्हणूनच ती परिचयात घालायचा मोह फार झाला. पण तीन प्रश्न लावले तर एकाचंही उत्तर मी नव्हते. आरोळी वॉचमनने दिली, कुठली बाजू आधी झाकायची ते आप्पांनी सांगितलं, मी नसते तरी पडदे सुटले असतेच. अशा कामाला 'सहभाग घेतला' म्हणतात. तो शब्द मला तेव्हापासून जरा संशयास्पद वाटतो. रात्रभर दोऱ्या ओढणाऱ्यालाही सहभाग आणि छत्री घेऊन बघणाऱ्यालाही सहभाग. ज्या वाक्यात सहभागापलीकडे काही सांगता येत नाही, ते वाक्य मी गाळलं. सौद्याचंही तसंच गेलं.

वाक्यं जोडायला बसले तेव्हा आणखी एक अडचण आली. नमुन्यांतल्या परिचयांत 'करण्यात आले', 'राबवण्यात आला', 'यांच्या मार्गदर्शनाखाली पार पडले' अशी वाक्यं भरपूर होती. वाचताना भारदस्त वाटतात. पण करणारा कोण हेच त्यातून गायब होतं, आणि ज्याचा परिचय आहे त्यानेच केलं असं वाचणारा धरून चालतो. खोटं एक अक्षरही लिहिलेलं नसतं. 'आम्ही'चंही तेच. बोलताना 'आम्ही बाराशे पेट्या भरल्या' म्हणणं शोभतं, कारण समोरच्याला आम्ही म्हणजे कोण ते दिसतं. छापलेल्या परिचयात 'आम्ही' आला की तो मोठ्या ढिगातून आपल्या पदरात पडेल तेवढं ओढून घेतो. मी प्रत्येक वाक्यात कर्ता ठेवला. तृतीयपुरुषी लिहायचं म्हणजे स्वतःला 'त्यांनी' म्हणायचं, ते लिहिताना मला माझीच थोरली बहीण झाल्यासारखं वाटत होतं, पण नियम नियम.

अर्जाच्या इंग्रजी भागाने वेगळीच परीक्षा घेतली. तिथे प्रत्येक कामापुढे चारच पर्याय होते : लेड, मॅनेज्ड, सपोर्टेड, असिस्टेड. एक निवडायचा. पहिले दोन मला आता कळत होते. दिशा ठरवली आणि माणसं त्या दिशेने गेली तर लेड. ठरलेली दिशा धरून रोजचं काम, माणसं, वेळ, पैसा यांचा मेळ घातला तर मॅनेज्ड. घोळ शेवटच्या दोन शब्दांत होता, कारण मराठीत दोन्हींना आपण मदतच म्हणतो. सरांना फोन केला. ते म्हणाले, "काम ज्याचं, त्याच्याच कामात त्याच्या सांगण्यावरून हात लावलास तर असिस्टेड. तुझं स्वतःचं वेगळं काम आहे आणि त्याच्यामुळं दुसऱ्याचं काम चालतं, तर सपोर्टेड." डिपिंग आप्पांचं, मी मापून देत होते : असिस्टेड. हजेरी आणि पगाराचा हिशेब माझा, त्यावर मावशींची खोली चालत होती : सपोर्टेड. त्यांच्या गैरहजेरीतला पंधरवडा : मॅनेज्ड, पुढे मुदत लिहून.

वहीपुढे काय? मी बराच वेळ लेडवर बोट ठेवून बसले. वही माझी कल्पना होती, पण तिच्यामागे माझ्या सांगण्यावरून चालणारी माणसं नव्हती. टोळीने ती मानली ती आप्पांनी दटावल्यावर. कल्पना काढणं आणि माणसं नेणं ही दोन कामं आहेत, आणि त्या चार पर्यायांत पहिल्याला जागाच नव्हती. मग चौकटीत सपोर्टेड निवडलं आणि खालच्या टीपेच्या ओळीत आखणी व आरंभ माझा असं लिहिलं. समाधान झालं नाही. तयार यादीतून क्रियापद उचलायला लावलं की असं होणारच. काही कामं यादी करणाऱ्याने पाहिलेलीच नसतात.

धाडण्याआधी मजकूर शेडवर वाचायचा ठरवला. ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांच्यासमोर मोठ्याने वाचता आला पाहिजे, नाहीतर छापून उपयोग काय? दुपारच्या जेवणाला सगळे बसले होते. मी वाचलं :

'त्यांनी नागज परिसरातील एका बेदाणा शेडवर दोन हंगाम काम केले. ठरवून दिलेल्या प्रमाणात डिपिंगचे द्रावण बनवले व त्याच्या नोंदी ठेवल्या. दुसऱ्या हंगामात रॅकनिहाय नोंदवहीत मदत केली. पुढे ती हिशेबनिसाने चालवली. निवडणी विभागाची हजेरी व पगाराचा हिशेब पाहिला. मुकादमांच्या अनुपस्थितीत पंधरवडाभर विभागाचे दैनंदिन काम सांभाळले.'

वहीच्या वाक्यात मी मुद्दाम 'मदत केली' घातलं होतं. 'आखली व सुरू केली' त्या सगळ्यांसमोर म्हणायची लाज वाटत होती, आणि बघायचंही होतं कुणी काही म्हणतं का. हिशेबाच्या मुलाचा घास हातातच राहिला. "मदत कुणाला केलीस? मला? मी तर तवा आलोबी नव्हतो वहीकडं. वही तुझी हाय." टोळीतला एक जण म्हणाला, "तिच्यापायी आमी शिव्या खाल्ल्या, आणि ही म्हणती मदत केली." शब्द बदलला. या बाजूने वाक्य खोटं होऊ शकतं हे नमुन्याच्या पानांवरून मला कधीच कळलं नसतं, कारण तिथे सगळे दुसऱ्या बाजूने खोटे होते. आमच्याकडच्या मुली 'मदत केली' फार चटकन लिहितात. आईला स्वयंपाकात मदत, वडिलांना शेतात मदत, आणि मग स्वतः उभं केलेलं कामही मदतच. वाचणाऱ्याने त्यावरून काय ठरवायचं? हिला स्वतःचं काही सुरू करता येत नाही, एवढंच.

निवडीच्या मुलाखतीत मला वहीबद्दलच विचारलं. गोडीचा रकाना कशासाठी? मी सांगितलं की कमी गोडीचा माल वजनाला मार खातो, आणि बागवाला म्हणतो शेडवर माल कमी झाला. आल्यावेळचा आकडा त्याच्यासमोर लिहिला की वाद मिटतो. ओलाव्याचा रकाना कसा वाढला? म्हटलं, तो मी वाढवला नाही, त्या मुलाने वाढवला, पण कारण सांगू शकते : पंधरा-सोळा टक्क्यांच्या वर ओलावा राहिला तर पेटीत माल चिकटतो आणि रंग बदलतो. डिपिंगबद्दल विचारलं तेव्हा प्रमाण सांगितलं, आणि साल जाड असेल तर वेळ किती वाढवायचा हे ठरवायला अजून येत नाही असंही सांगितलं. तसं ते परिचयातच होतं, त्यामुळे कुणाला धक्का बसला नाही. परिचयातल्या प्रत्येक क्रियापदावर एक 'कसं?' येतो हे मला तिथे कळलं. 'विक्री व्यवस्थापन' राहिलं असतं तर अडतीचा दर विचारल्यावर मी गप्प बसले असते.

पुस्तिका छापून आली ती मी मावशींना दाखवली. त्यांनी आपला उल्लेख कुठे आहे ते विचारलं. मी 'मुकादमांच्या अनुपस्थितीत' यावर बोट ठेवलं. "म्हंजे मी नव्हते तवाच मी हाय व्हय?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझं बी येक लिव." मी पाटीवर बसूनच लिहिलं आणि वाचलं : 'त्या बारा वर्षांपासून निवडणी विभागाचे नेतृत्व करतात. पंधरा महिलांना काम वाटून देतात, नव्या महिलांना शिकवतात, मालाची प्रत व मजुरीचा दर ठरवतात.'

मावशींनी दाण्यातली काडी उचलून फेकली. "पंधरा न्हाई, अठरा. आणि दर मी मागती, ठरवत्यात आप्पा. तेवढं खोड."